लाडू बसले ते भाजण्याने नाही, तुपाने

ताई, माझं माहेर मंगळवेढ्याचं, घरी म्हशी, त्यामुळे तूप म्हणजे पांढरं आणि रवाळ हेच डोक्यात बसलेलं. सासर सिंहगड रोडला, इथे गायीचंच तूप आणतात, पिवळं आणि पातळसर. मागच्या दिवाळीत आईच्याच वाटीच्या मापाने बेसनाचे लाडू केले, वळताना छान वळले आणि संध्याकाळपर्यंत डब्यात पेढ्यासारखे चपटे झाले. सासूबाई म्हणाल्या भाजणं कमी पडलं. मी म्हटलं तूप वेगळंय, तर म्हणाल्या तूप ते तूप, आणि तुझ्या आईचं तूप एवढं पांढरं कसं, त्यात काहीतरी असणार. फार लागलं मला ते. खरंच फरक असतो का, रंग, वास, रवा सगळ्यातच? आणि कुठलं तूप कशाला वापरायचं? दिवाळी परत तोंडावर आलीये.
— सिंहगड रोडवरून एक सून

अगं, आधी लाडवांचं मिटवू. भाजणं कमी पडलं असतं तर लाडू खाताना कळलं असतं, कच्चं बेसन टाळूला आणि दातांना चिकटतं आणि घोट घेतला तरी तोंडात पिठूळ चव राहते. तसं काही तू लिहिलं नाहीयेस, नुसते बसले म्हणतेस. वळताना नीट वळले आणि मग काही तासांनी बसले, हे तुपाचंच काम. सासूबाईंना तूप ते तूप वाटतं त्यात त्यांचीही चूक नाही म्हणा, त्यांनी आयुष्यभर एकच तूप वापरलं असेल तर मापं त्या तुपाला बसलेली असतात, तुझी मापं दुसऱ्या तुपाला बसलेली होती आणि तू तूप बदललंस, माप नाही बदललंस.

आता तूप असं का वागतं ते सांगते, कारण हे एकदा कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. तूप हा एकच एक पदार्थ नाहीये, त्यात वेगवेगळी स्निग्धं एकत्र असतात, काही लवकर थिजणारी, काही उशिरा, काही थंडीतसुद्धा पातळ राहणारी. कढवलेलं तूप हळूहळू गार व्हायला लागलं की लवकर थिजणारी आधी एकमेकांना धरून कण करतात, तोच आपला रवा, आणि बाकीचं पातळ तूप त्या कणांच्या आजूबाजूला राहतं. म्हशीच्या तुपात ही लवकर थिजणारी जास्त असतात, म्हणून रवा मोठा, भरपूर आणि जरा टणक. गायीच्या तुपात ती कमी, म्हणून रवा बारीक, खाली बसलेला आणि वर पिवळं पातळ तूप तरंगतंय, असं दिसतं. त्यात तुझ्या माहेरी म्हशींना सरकीची पेंड घालत असतील तर अजूनच, सरकी खाणाऱ्या जनावराचं तूप जास्त घट्ट होतं.

मी मागे ऑक्टोबरातच हे करून बघितलं होतं, मुद्दाम नाही, दोन्ही तुपं घरात होती आणि हात रिकामा होता म्हणून. स्टीलच्या दोन सारख्या वाट्या, एकीत म्हशीचं एकीत गायीचं, दोन्ही गरम पाण्यात ठेवून पूर्ण पातळ केली आणि रात्री ओट्यावर झाकून ठेवून दिली. सकाळी म्हशीची वाटी वरपासून खालपर्यंत रवाळ, बोट लावलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. गायीच्या वाटीत तळाशी बोटभर बारीक कणी आणि वर पातळ. मग दुपार झाली, आपली ऑक्टोबर हीट तुला माहितीये, स्वयंपाकघर तापलं, आणि दीड-दोनच्या सुमारास गायीची वाटी जवळजवळ आरपार दिसायला लागली तरी म्हशीची मऊ झाली होती पण आकार धरून होती. आता त्या वाटीच्या जागी तुझा लाडू ठेव. बेसनाला आणि पिठीसाखरेला धरून ठेवायचं काम त्या थिजलेल्या कणांचंच असतं, ते विरघळले की लाडू म्हणजे तुपात भिजलेली पिठाची ढिगोळी, ती स्वतःच्या वजनाने खाली येणारच. गंमत म्हणजे हेच लाडू तू जानेवारीत केले असतेस तर बसले नसते, कारण तेव्हा पुण्यात रात्री गायीचं तूपही छान थिजतं. दिवाळी नेमकी अशा दिवसांत येते की एक तूप थिजलेलं असतं आणि दुसरं नसतं.

यात अजून एक भानगड आहे आणि ती कुणी सांगत नाही, वाटीची. आई वाटीने मोजते ते रवाळ, थिजलेलं तूप, चमच्याने वाटीत घातलेलं, त्यात मध्ये मध्ये पोकळ्या राहतात. तू बरणीतून ओतलंस ते पातळ, ते वाटीच्या काठापर्यंत सगळीकडे भरतं. माझ्याकडे जी वाटी आहे तिच्यात पातळ तूप १८० ग्रॅमच्या आसपास बसतं आणि तीच वाटी रवाळ तुपाने सपाट भरली तर १६० च्या आसपास, म्हणजे दोन वाट्यांमागे ४० ग्रॅम तूप जास्त गेलं तुझ्याकडून आणि तेही न थिजणारं. आता सांग, भाजण्याचा काय संबंध. यंदा तूप काट्यावर मोज, वाटीने नको, किचनचा साधा वजनकाटा असला तरी पुरतो.

रवा मोठा हवा असेल तर तूप गार कसं होतं यावर ते अवलंबून असतं, हेही लक्षात ठेव, कारण बऱ्याच जणी चांगलं म्हशीचं तूप कढवतात आणि घाईने फ्रीजमध्ये ठेवतात आणि मग म्हणतात रवा आलाच नाही. पटकन गार केलं की असंख्य बारीक कण एकदम तयार होतात, जिभेला जाणवत नाहीत, तूप मेणासारखं गुळगुळीत आणि घट्ट होतं. हळू गार होऊ दिलं की कमी कण होतात पण मोठे. कढवलेलं तूप गाळून बरणीत भर, कोमट होऊ दे, बोट बुडवलं तर जेमतेम ऊब लागेल इतकं, आणि मग आधीच्या तुपातला चमचाभर रवा त्यात टाकून बरणी न हलवता रात्रभर ओट्यावर ठेव. विरजणासारखंच आहे ते, त्या जुन्या कणांवर नवे कण चढतात. गरम असताना टाकलास तर तो रवा नुसताच विरघळून जाईल, तेवढी घाई करू नकोस. फ्रीजमध्ये ठेवून घट्ट झालेलं तूपसुद्धा परत पूर्ण पातळ करून असंच थिजवलं तर रवाळ होतं, काही बिघडत नाही. गायीच्या तुपालाही हे केलं तर रवा येतो, बारीक येतो पण येतो.

आता तो पांढऱ्या रंगाचा टोमणा. हिरव्या चाऱ्यात जे पिवळं कॅरोटीन असतं ते गायीच्या दुधातल्या स्निग्धांशात थोडं तसंच उतरतं, म्हणून गायीचं लोणी पिवळं, तूप पिवळं, साय पण पिवळसर. म्हैस ते कॅरोटीन शरीरात जवळजवळ सगळं अ जीवनसत्त्वात बदलून टाकते आणि अ जीवनसत्त्वाला तसा रंग नसतो, म्हणून म्हशीचं दूध, लोणी, तूप पांढरं. म्हणजे आईच्या तुपात काहीतरी असणार हे खरंच, जीवनसत्त्व आहे, फक्त दिसत नाही. आणि नीट बघशील तर म्हशीचं तूप अगदी पांढरं शुभ्र नसतं, त्याला हलकी हिरवट झाक असते, पातळ झालं की ती जास्त दिसते. थिजलेलं पांढरं आणि पातळ झालेलं फिकट पिवळं-हिरवट, दोन्ही एकच तूप. त्यामुळे रंगाची तुलना करायची असेल तर दोन्ही थिजलेली असताना, पांढऱ्या वाटीत आणि उजेडात कर, ट्यूबलाइटखाली सगळंच सारखं दिसतं.

गायीचं तूपही बारा महिने एकाच रंगाचं नसतं. पावसाळ्यात आणि नंतर हिरवा चारा भरपूर असतो तेव्हा ते छान पिवळं येतं, उन्हाळ्यात कडब्यावर जनावरं असतात तेव्हा फिकट पडतं. तुझ्याच गावाकडे बघ ना, ज्वारीचा कडबा खाऊन राहिलेल्या गायीचं चैत्र-वैशाखातलं तूप आणून दाखवलंस तर सासूबाई त्यालाही नाव ठेवतील. म्हणून घरच्या किंवा ओळखीच्या गोठ्यातल्या तुपाचा रंग बदलत राहिला तर मला उलट बरं वाटतं. आणि पिवळा रंग काय, तो वरून घालताही येतो, त्यामुळे पिवळं म्हणजे गायीचं आणि पांढरं म्हणजे वनस्पती, असं रंगावरून ठरवता येत नाही. रव्यावरूनही नाही, कारण वनस्पती तुपालासुद्धा रवा आणतात. भेसळीची खरी शंका असेल तर लॅबमध्येच कळतं, तळहातावर चोळून, साखर टाकून वगैरे जे व्हिडिओ येतात ते सोडून दे.

हो, आणि कुणी तुला ए-टू तूप म्हणून दुप्पट भावाचं तूप घ्यायला लावलं तर घेऊ नकोस. ए-वन, ए-टू हा दुधातल्या एका प्रोटीनचा प्रकार आहे आणि तुपात प्रोटीन जवळजवळ नसतंच, ते सगळं बेरीत आणि ताकात जातं. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असे दावे पाकिटावरून काढा म्हणून सांगितलं होतं आणि मग आठवड्याभरातच ते पत्रक मागेही घेतलं, पण पत्रक असो नसो, तूप हे ९९ टक्क्यांच्या वर नुसता स्निग्धांश असतं हे काही बदलत नाही. दोन्ही तुपांत कॅलरी पण सारख्याच, गायीचं म्हणून दोन चमचे जास्त घ्यायचे असं नसतं (आमच्या घरात एकजण असंच करतो, नाव नाही घेत).

वासाचं मात्र जरा वेगळं आहे. लोक म्हणतात गायीच्या तुपाला वास जास्त, किंवा म्हशीच्या तुपाला उग्र वास, आणि माझं मत असं की यातलं निम्म्याहून जास्त विरजण आणि आच यांचं असतं, जनावराचं नाही. फरक आहे, नाही असं नाही, गायीच्या तुपाचा वास हलका आणि गोडसर, म्हशीचा जड, दुधाळ, आणि बाजारातलं म्हशीचं लोणी जुनं असेल तर जरा आंबूस. पण एकाच दुधाचं तूप दोन बायकांनी कढवलं तर त्या दोघींच्या तुपाच्या वासात जेवढा फरक येतो तेवढा गाय आणि म्हैस यांच्यात येत नाही, हे मी पैज लावून सांगते.

माझाच फजितीचा किस्सा आहे. घरात लग्नाची गडबड होती, साय फ्रीजमध्ये साठत गेली, विरजण लावायचं राहिलं, जवळजवळ तीन आठवड्यांची साय झाली आणि मग एका रविवारी मी ती एकदम विरजून, घुसळून, कढवून मोकळी झाले. रंग सुरेख, रवा सुरेख, आणि वास कुबट, फ्रीजचा, जुनाट. वरणभातावर घातलं तर मुलाने ताट बाजूला सारलं. कढवून वास जातो असं वाटतं, पण सायीला एकदा जुनाट वास धरला की तो तुपात उतरतोच. तेव्हापासून साय साठवायच्या डब्यात पहिल्याच दिवशी चमचाभर ताजं दही घालते आणि रोजची साय त्यातच मिसळत जाते, आठ दिवसांच्या वर ठेवत नाही. आंबून तयार झालेल्या लोण्याच्या तुपाला जो खमंग वास येतो तो नुसती साय किंवा क्रीम थेट कढवून येत नाही, ते तूप स्वच्छ दिसतं पण वासाला मुकं. दुकानातली काही तुपं घरच्यासारखी का लागत नाहीत त्याचं एक कारण हे.

घुसळल्यावर लोणी दोन-तीन पाण्यांनी धू, पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत, ताक राहिलं की बेरी जास्त पडते आणि तुपाला आंबट वास राहतो. मग जाड बुडाच्या पातेल्यात मंद ते मध्यम आचेवर कढव आणि डोळ्यांपेक्षा कानांवर विश्वास ठेव. सुरुवातीला पाणी उडत असतं तोवर मोठा चरचर आवाज आणि वर पांढरा फेस. पाणी संपत आलं की आवाज एकदम कमी होतो, बुडबुडे मोठे आणि स्वच्छ होतात, तूप आरपार दिसायला लागतं, तळाला बेरी बसलेली दिसते. इथून पुढची दोन-तीन मिनिटं सगळं ठरवतात. बेरी पांढरी असताना गॅस बंद केलास तर तूप कच्चं, वास दुधाचा, आणि ओलावा राहिला तर महिनाभरात खराब वास यायला लागतो. बेरी बदामी रंगाची झाली आणि वर परत एक बारीक, दाट फेस यायला लागला की बंद कर, लगेच गाळ, कारण गरम पातेल्यात ती बेरी भाजतच राहते. चॉकलेटी झाली तर तूप करपट, मग गाय असो की म्हैस, रंग दोन्हीचा तांबूस आणि वास दोन्हीचा एकच, जळका. म्हशीचं तूप जरा जास्त बदामी बेरीपर्यंत नेलेलं मला आवडतं, त्याचा जडपणा त्या खमंगपणात झाकला जातो. गायीचं मी आधी थांबवते, त्याचा हलका वास उडून जातो नाहीतर.

गायीच्या दुधाचं तूप घरी करायला गेलीस तर अजून एक गोष्ट, पाकिटावर होमोजिनाइज्ड लिहिलंय का बघ. तसं असेल तर त्यातले स्निग्धाचे थेंब आधीच बारीक फोडलेले असतात, साय नीट धरतच नाही, मग तू महिनाभर वाट बघत बसशील. साधं गायीचं दूध असलं तरी साय पातळ येते, थेंब मुळातच लहान, स्निग्धांश साडेतीन-चार टक्क्यांच्या आसपास, म्हशीचा सहा-सात, म्हणजे तेवढ्याच तुपाला जवळजवळ दुप्पट दूध लागतं. लोणी यायलाही वेळ लागतो, घुसळताना बर्फाचे चार खडे टाकले की येतं. म्हणून मी गायीचं तूप विकत आणते आणि म्हशीचं घरी करते, दोन्ही घरी करायचा हट्ट नाही.

आता कुठे कुठलं. मी एकच गोष्ट बघते, पदार्थ गरम खायचाय की गार झाल्यावर, आणि तुपाने त्यात वाहायचंय की धरून ठेवायचंय. साधं वरण-भात-लिंबू, उकडीचा मोदक फोडून आत तूप, मऊ भात मेतकूट, इथे तूप वाहायला हवं आणि वास पुढे यायला हवा, इथे गायीचं. आजारी माणसाच्या पेजेत, लहान मुलाच्या भातात पण तेच घालते, पटकन विरघळतं, भाताचा गोळा गार झाला तरी वर पांढरी साय धरत नाही. निरांजनाला आणि पूजेला बहुतेक घरांत गायीचंच असतं, तो श्रद्धेचा भाग आहे, तिथे मी काही बोलत नाही. आयुर्वेदाच्या औषधात गायीचं सांगितलं असेल तर गायीचंच घ्यायचं.

धरून ठेवायचं काम असेल तिथे म्हशीचं. बेसनाचे लाडू, रव्याचे लाडू, आणि सगळ्यात जास्त चिरोट्यांचा साटा. साट्यासाठी तूप आणि तांदळाची पिठी तळहाताने फेसायची असते पांढरी हलकी होईपर्यंत, म्हशीचं तूप फेसलं की लोण्यासारखं फुगतं आणि पोळ्यांच्या मध्ये तसंच बसून राहतं, तळताना पदर सुटतात. गायीच्या तुपाचा साटा ऑक्टोबरात हाताच्या उबेनेच पातळ होतो, लाटताना कडेने बाहेर येतो आणि पदर एकमेकांना चिकटतात. अगदी गायीचंच वापरायचं असेल तर साटा करून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायचा आणि घाई-घाईत लाटायचं, मी केलंय, जमतं पण जीव जातो. शंकरपाळ्यांचं, करंजीचं मोहन तर कडकडीत करूनच घालायचं असतं, तिथे कुठलंही चालतं, तळणाला पण कुठलंही, दोन्ही सारखीच तापतात.

पुरणपोळीवर घरोघरी वाद आहे. तव्यावरची गरम पोळी असेल तर गायीचं मुरतं छान, पण मला स्वतःला पोळीवर म्हशीच्या तुपाचा रवाळ गोळा ठेवून तो अर्धवट विरघळलेला असताना खायला आवडतं, दाताखाली तो रवा येतो ना, त्यासाठी. तुझ्या ज्वारीच्या भाकरीवर तर दुसरं कुठलं तूप मी मान्यच करणार नाही.

जिथे म्हशीचं तूप उलटं पडतं ती जागा म्हणजे थंडी. डिसेंबर-जानेवारीत डिंकाचे लाडू नुसत्या म्हशीच्या तुपात केले तर सकाळी दगड होतात आणि खाल्ल्यावर टाळूला थर बसतो, चहा प्यायल्याशिवाय निघत नाही. तसंच गार झालेला शिरा. तेव्हा मी निम्मं-निम्मं घेते, दोन्ही एकत्र पातळ करून. आणि एप्रिल-मेमध्ये म्हशीचं तूप सुद्धा पूर्ण पातळ होतं पुण्यात, तेव्हा आईने पाठवलेला डबा पातळ निघाला म्हणून त्यावर शंका घेऊ नये कुणी.

आता यंदाचे लाडू. आईकडून अर्धा-पाऊण किलो तूप मागव, मिळालं तर अर्धा किलो जाडसर बेसनाला २५० ग्रॅम, वजनाने. नाही मिळालं आणि गायीचंच वापरायचं असेल तर २२० वरच थांब. त्यातलं थोडं मागे ठेवून बाकी कढईत घाल, बेसन घाल, मंद आचेवर अर्धा तास तरी लागेल. पहिली दहा मिनिटं ते कोरडं, गोळे गोळे दिसेल आणि तुझा हात तुपाच्या बरणीकडे जाईल, तिथेच गडबड होते, जाऊ देऊ नकोस. भाजत आलं की बेसन तूप सोडायला लागतं, मिश्रण आपोआप सैल आणि हलकं होतं, चमचा सहज फिरतो, वास घरभर. मग राहिलेलं तूप लागलं तरच घाल. शेवटी दुधाचा हबका मार, एक-दोन चमचे, फसफसून वर येतं आणि दाणा छान पडतो, पण ते दूध पूर्ण आटेपर्यंत परतत राहा. मग परातीत काढ आणि थांब. साखर गरम मिश्रणात पडली की ओलसर होऊन अख्खं मिश्रण पातळ होतं, ही लाडू बसण्याची दुसरी मोठी वाट. हाताला फक्त कोमट लागेल तेव्हा ४०० ग्रॅम पिठीसाखर आणि वेलची घालून तळहाताने मळ. गायीचं तूप असेल तर मळलेलं मिश्रण अर्धा तास फ्रीजमध्ये, मग बाहेर काढून परत मळ, फिकट आणि घट्टसर झालं की वळ.

सगळे वळायच्या आधी एकच लाडू करून ताटलीत ठेव, ओट्यावर, दुपारच्या वेळी, तासभर. तळ चपटा झाला किंवा खाली तुपाचं कडं दिसलं तर बाकीच्या मिश्रणात दोन-तीन मोठे चमचे कोरडं, वेगळं खमंग भाजलेलं बेसन घालून परत मळ. मागच्या वर्षीसारखे बसलेच तरी फेकू नकोस हं, परातीत कुस्करून हेच करायचं, काही वाया जात नाही.

सासूबाईंशी वाद घालू नकोस, त्याने काही होत नाही, मी पंचवीस वर्षं घालून बघितलाय. आईचं तूप आलं की रात्री दोन वाट्या पातळ करून ओट्यावर झाकून ठेव, एक पांढरी एक पिवळी. सकाळी झाकण काढून तशाच राहू देत. दुपारी चहा टाकायला त्या ओट्याशी येतीलच.